सोसायटीची निवडणूक आणि पाच रुपयांचं गणित

भाचीबाई,

फोनवर विचारलंस, "मामा, कमिटीच्या निवडणुकीला खर्च किती धरू?" मी आकडा टाळला, तेव्हा तुझा आवाज जरा बसला. आकडा दिला असता तर तू तो सभेत वाचून दाखवला असतास, आणि तळमजल्यावरच्या त्या निवृत्त बँकवाल्या काकांनी "कशावरून?" असं विचारलं की तोंडाला कुलूप. म्हणून सावकाश लिहून देतोय. चहा घेऊन बस.

तुमचे फ्लॅट चौऱ्याऐंशी. महाराष्ट्रात २५० पर्यंत सभासद असलेल्या गृहनिर्माण संस्थेला आपली निवडणूक आपणच घ्यायची असते. त्याहून मोठ्या संस्थांची निवडणूक राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाच्या यंत्रणेमार्फत होते आणि खर्चाची रक्कम आगाऊ भरावी लागते. तुमच्या नशिबी स्वतःचा खर्च स्वतः करणं आहे, म्हणजे शहाणपणाला वाव आहे आणि गोंधळालाही.

१. मुदत संपायच्या निदान सहा महिने आधी खर्चाचा अंदाज कमिटीच्या सभेत ठेव आणि ठराव इतिवृत्तात लिहून घे — कमिटीची मुदत पाच वर्षांची. ती उलटली की निबंधक प्राधिकृत अधिकारी नेमू शकतात, आणि त्याचं मानधन येतं सोसायटीच्याच माथी.

२. मेंटेनन्सच्या बिलात 'निवडणूक निधी' नावाचा रकाना आहे का ते आजच बघ, आणि असेल तर खतावणीत तो पैसा वेगळा दिसतोय का तेही — बहुतेक ठिकाणी तो गोळा होतो आणि लिफ्टच्या दुरुस्तीत निमूट विरघळतो. नाव वेगळं, खिसा एक; अशा निधीचा भरवसा धरू नये.

३. अंदाज एका यादीत करू नकोस, दोन तुकड्यांत कर: अर्ज मागे घेण्याच्या दिवसापर्यंतचा आणि त्यानंतरचा — त्या दिवशी जागांइतकेच उमेदवार उरले तर निवडणूक बिनविरोध होते आणि दुसऱ्या तुकड्यातलं जवळपास काहीच लागत नाही. हा एक मुद्दा पक्का धरलास तर बाकीचं पत्र नाही वाचलंस तरी चालेल. पण वाच.

आता तुमच्याच सोसायटीचं गणित मांडू. दर मी अंदाजाने धरलेत, तू तुमच्या भागातल्या झेरॉक्सवाल्याला आणि छापखान्याला विचारून बदल.

शंभरपर्यंत सभासद असले की आदर्श उपविधीप्रमाणे कमिटी अकरा जणांची: सर्वसाधारण सहा, महिला दोन, आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, भटक्या विमुक्त जाती व विशेष मागास प्रवर्ग यांची प्रत्येकी एक. तुमच्या नोंदणीकृत उपविधीत हाच तक्ता आहे ना, ते आधी उघडून बघ.

पहिला तुकडा. मतदार यादी, कच्ची आणि पक्की, प्रतींसह आणि फायलीसह: ३०० रुपये. बाहेरगावी राहणाऱ्या एकोणीस सभासदांना टपालाने नोटिसा, एका पत्राला साठ रुपये धरून दोन खेपा: २,२८० रुपये. उमेदवारी अर्जाचे नमुने: २५० रुपये. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचं मानधन, समज, ७,५०० रुपये. बेरीज १०,३३० रुपये.

दुसरा तुकडा. मतपत्रिका: २,२०० रुपये. मतदान आणि मोजणीसाठी दोन मदतनीस: २,००० रुपये. शिक्के, शाई, लाख, पेटीचं भाडं: ९०० रुपये. टेबलं, खुर्च्या, मतदानाच्या आडोशाचे पडदे: १,५०० रुपये. चहा-नाश्ता आणि जेवण: १,२०० रुपये. बेरीज ७,८०० रुपये.

दोन्ही मिळून १८,१३० रुपये. किरकोळीसाठी १,८७० रुपये धर, म्हणजे वीस हजार पुरे. एका फ्लॅटवर पाच वर्षांत साधारण २३८ रुपये येतात. महिन्याला चार रुपयांच्या आत. निधी दरमहा पाच रुपयांनी गोळा केलास तर साठ महिन्यांत २५,२०० रुपये जमतात, म्हणजे एखादी गोष्ट दुसऱ्यांदा करावी लागली तरी धीर सुटणार नाही. काकांनी "कशावरून?" विचारलं की हा कागद पुढे कर.

आता हा पैसा कुठे कुठे फुगतो ते सांगतो.

४. सगळ्यात जास्त वेळ मतदार यादीला दे, जरी तिचा खर्च अगदी कमी असला तरी — निवडणूक रद्द व्हायची वेळ येते ती बहुधा यादीवरून, आणि मग वरच्या दोन्ही तुकड्यांना पुन्हा पैसे पडतात. यादी चुकली की पेटी रडते, असं मी म्हणतो.

५. यादी बिलाच्या सॉफ्टवेअरमधून काढू नकोस, सभासद नोंदवहीवरून कर — बिल फ्लॅटच्या नावाने निघतं, मत सभासदाला असतं. वारलेल्या आजोबांच्या नावाने बिल वर्षानुवर्षं सुखाने निघत राहतं, आणि ज्याने फ्लॅट विकला त्याचंही.

६. दोघांच्या नावावर असलेल्या फ्लॅटमध्ये पहिलं नाव कोणाचं, हे भाग दाखल्यावरून ताडून घे — संयुक्त सभासदांत आधी पहिल्या नावाला मताचा हक्क. नवराबायको दोघंही चिठ्ठी घेऊन उभे राहिले तर तंटा तुझ्या टेबलासमोर.

७. कच्ची यादी फलकावर लावलीस की तारखेचं वर्तमानपत्र शेजारी धरून फोटो काढ, आणि आलेली प्रत्येक हरकत लेखी घेऊन तिचा निकालही लेखी दे — "मला कुणी सांगितलंच नाही" हे वाक्य प्रत्येक निवडणुकीत एकदा तरी येतंच.

८. थकबाकीदारांना मागणीची लेखी नोटीस निवडणुकीच्या खूप आधी, पोहोच ठेवून पाठव — नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत पैसे भरले नाहीत तर तो कमिटीवर निवडून यायला अपात्र ठरतो. अर्ज छाननीच्या आदल्या आठवड्यात जाग आली तर त्या तीन महिन्यांचं काय करशील? हा टपालखर्च निवडणुकीत धरू नकोस, वसुलीच्या खर्चात टाक.

९. नोटिसा दोनच खेपांत बसव: पहिलीत कच्ची यादी आणि हरकतींची मुदत, दुसरीत अर्जापासून निकालापर्यंतचा सगळा कार्यक्रम, तारीख, वेळ आणि जागेसकट — प्रत्येक टप्प्याला वेगळं पत्र काढणाऱ्या सोसायटीचा टपालखर्च तिप्पट होतो आणि लोक तिसरं पाकीट उघडतही नाहीत.

१०. इमारतीत राहणाऱ्यांना नोटीस हातात दे आणि वहीत सही, तारीख घे. वॉचमनच्या भरवशावर दाराच्या कडीत खोचू नकोस — सहीची वही फुकट पडते, आणि उद्या वाद गेला तर तीच तुझी साक्षीदार. एक वही, दोन पेनं. तेवढी चैन कर.

११. बाहेरगावच्यांना स्पीड पोस्टने पाठव आणि पावत्या त्याच वहीत चिकटव — १ सप्टेंबर २०२५ पासून जुनं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच मिळवून टाकलंय, त्यामुळे जुन्या अंदाजपत्रकातला टपालाचा दर तसाच उतरवशील तर कमी पडेल. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावरही टाक, पण ती आठवण म्हणून. दोन निळ्या खुणांना पोहोच समजू नकोस.

१२. परत आलेलं पाकीट फोडू नकोस, आहे तसं फायलीत लाव — बंद पाकिटावरचा टपालाचा शेरा तुझ्या बाजूने बोलतो, फोडलेलं पाकीट कुणाच्याच बाजूने बोलत नाही.

निर्णय अधिकाऱ्याबद्दल थोडं लांबण लावतो, कारण तुझ्या अंदाजातला सगळ्यात मोठा आकडा त्याचाच आहे.

१३. माणूस नेमताना आधी विचार की तो स्वतः किंवा त्याच्या घरचं कुणी उभं राहणार आहे का, सूचक-अनुमोदक होणार आहे का — नियमात बसणारा, पण कुठल्याच गटाच्या चहाला न जाणारा माणूस स्वस्तच पडतो, मानधन थोडं जास्त मागितलं तरी. शेजारच्या सोसायटीतला एखादा निवृत्त अधिकारी मिळाला तर दे त्याला हजार रुपये जास्त, कुरकुर करू नकोस.

१४. मानधन ठरवताना तीन गोष्टी लेखी घे: निवडणूक बिनविरोध झाली तर किती, मतदान झालं तर किती, आणि पदाधिकारी निवडीची पहिली सभा यात धरली आहे की नाही — अध्यक्ष, सचिव, खजिनदार निवडून झाल्याशिवाय काम पुरं होत नाही, आणि ती सभा "वेगळी" निघाली की वेगळं बिलही निघतं. प्रवासभत्ता मानधनातच आहे असंही त्याच कागदावर लिहून टाक.

१५. पैसे दोन हप्त्यांत दे, दोन्ही धनादेशाने: पहिला अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर, दुसरा निकालपत्र आणि मोहोरबंद कागद ताब्यात आल्यावर — आधी पूर्ण दिलेलं मानधन माणसाला आळशी करतं, आणि मागाहून एकदम द्यायचं ठेवलेलं मिंधं. मोजणीच्या टेबलावर पाकीट सरकवणं तर अजिबात नको. ते कुणी बघितलं तर काय म्हणेल ते तूच सांग.

१६. मदतनीस दोघंच, पण अक्षर सुवाच्य असलेले घे — तुमच्याकडे सत्तर-ऐंशी मतांचं काम आहे, आणि जास्त माणसं म्हणजे जास्त जेवणाचे डबे.

आता छपाई. इथे वीस हजारांतले फक्त २,२०० आहेत, पण रात्रीची धावपळ सगळी इथलीच.

१७. अर्ज मागे घेण्याची वेळ टळेपर्यंत एकही मतपत्रिका छापू नकोस, मग छापखानेवाला कितीही घाई करो — समज, सर्वसाधारण सहा जागांना नऊ उमेदवार उरले, महिलांच्या दोन जागांना तीन, इतर मागासवर्गाच्या जागेला एकच आणि उरलेल्या दोन राखीव जागांना अर्जच नाही. मग मतपत्रिका लागतात फक्त दोन प्रकारच्या, पाच प्रकारच्या नाहीत.

१८. मतपत्रिकांचा आकडा मतदार गुणिले लढत असलेले प्रवर्ग असा काढ. इथे ८४ गुणिले २, म्हणजे १६८, आणि खराब झालेल्यांसाठी थोड्या जास्त धरून १८० — राखीव जागेला फक्त त्या गटाचेच लोक मत देतात असा पुष्कळांचा समज आहे, तसं नसतं. प्रत्येक मतदार प्रत्येक जागेसाठी मत देतो. हा समज तसाच ठेवून महिलांच्या मतपत्रिका निम्म्याच छापल्यास, तर मतदानाच्या दिवशी दुपारी बारा वाजता कागद संपेल.

१९. दोन प्रवर्गांना दोन रंगांचा कागद घे, आणि तो जरा जाड — मोजणीच्या वेळी गठ्ठे नजरेनेच वेगळे होतात, आणि पातळ कागदावर शिक्क्याची फुली मागे उमटून गुप्त मतदानाची अब्रू जाते. पिवळा आणि क्रीम असे रंग निवडू नकोस. ट्यूबलाइटखाली दोन्ही भावंडं दिसतात.

२०. प्रूफ निर्णय अधिकाऱ्याने तपासून सही करेपर्यंत यंत्र सुरू होऊ देऊ नकोस. नावं अर्जावर आहेत तशीच, क्रम तोच, चिन्हं ठळक — 'कुलकर्णी'चं 'कुळकर्णी' झालं की पुन्हा छपाई, आणि दुसऱ्या छपाईचे पैसे कुणीच अंदाजात धरलेले नसतात. छापखाना एका अक्षराचे पैसे घेत नाही, पूर्ण कामाचे घेतो.

२१. छापलेल्या पत्रिका मोजून, पावतीवर आकडा लिहून निर्णय अधिकाऱ्याच्या हाती दे, तुझ्या घरी रात्रभर ठेवू नकोस — विश्वास तुझ्यावर सगळ्यांचा आहे, पण निकाल लागेपर्यंत तो जरा उधारीवर असतो.

मतदानाचा दिवस रविवारी ठेव. त्यावर जास्त बोलत नाही. क्लबहाउस असेल तर मांडव घालू नका. आडोसा मात्र खरा हवा, दोन खुर्च्यांवर टाकलेली चादर नको.

२२. मतपत्रिका देताना तिच्या मागे निर्णय अधिकाऱ्याची सही झालीच पाहिजे आणि स्थळप्रतीवर मतदाराची — सही नसलेली पत्रिका मोजणीत बाद होते, आणि चूक टेबलावरची असली तरी मत जातं ते मतदाराचं.

२३. पेटीजवळ एक मोठा नमुना लाव: सहा जागा, जास्तीत जास्त सहा फुल्या; दोन जागा, जास्तीत जास्त दोन — कमी फुल्या चालतात, एक जरी जास्त झाली तरी अख्खी पत्रिका बाद. हा कागद वीस रुपयांचा आहे आणि बाद मतांवरचे निम्मे वाद तो घडूच देत नाही.

२४. मोजणीला किती वेळ लागेल ते माणसांच्या नव्हे, फुल्यांच्या हिशोबाने धर — ८४ पैकी ७० जणांनी मत दिलं तर सर्वसाधारण गटात ४२० पर्यंत फुल्या आणि महिला गटात १४०, मिळून ५६०. सत्तर मतं अर्ध्या तासात उरकतील असं समजून कुणी रात्रीच्या गाडीचं तिकीट काढतो, आणि मग घाई सगळ्यांना बाधते.

२५. फुल्या मोजण्याआधी पत्रिका मोज, आणि तो आकडा स्थळप्रतींशी जुळव — पेटीत ७० आणि स्थळप्रती ७१ निघाल्या तर कुणीतरी पत्रिका खिशात घालून नेली आहे किंवा दोन चिकटल्या आहेत. हे आधी कळलं तर नोंद करता येते, निकालानंतर कळलं तर भांडण होतं.

२६. मोजणीचा तक्ता आधीच छापून ठेव, उमेदवारांची नावं डावीकडे आणि पाच-पाचच्या रेघांसाठी चौकटी उजवीकडे. एकाने पत्रिका वाचायची, शेजारी उभ्या उमेदवारांना दाखवायची, दोघांनी वेगवेगळ्या तक्त्यांवर रेघा मारायच्या — दहा पत्रिकांच्या प्रत्येक गठ्ठ्यानंतर दोन्ही तक्ते ताडून बघितले की चूक दहाच पत्रिकांत शोधावी लागते. शेवटी ताडलं तर सत्तर पत्रिका पुन्हा. दोन तक्त्यांच्या झेरॉक्सला दहा रुपये पडतात. वाचतो तो अख्खा तास.

२७. शेवटच्या जागेला दोघांची मतं सारखी पडली तर चिठ्ठी टाकावी लागते. त्यासाठी एकाच मापाचे कोरे कागद आणि एक डबा आधीच फायलीत ठेव — रात्री नऊ वाजता कुणाच्या तरी वहीचं पान फाडून केलेल्या दोन लहानमोठ्या चिठ्ठ्यांवर हरलेला माणूस आयुष्यभर बोलत राहतो.

२८. मोजणी झाल्यावर वैध पत्रिका, बाद पत्रिका, स्थळप्रती आणि तक्ते वेगवेगळ्या पाकिटांत घालून लाखेने बंद कर, वर निर्णय अधिकाऱ्याची आणि हजर उमेदवारांची सही घे — निकालापासून दोन महिन्यांत निवडणुकीविरुद्ध सहकार न्यायालयात दावा लावता येतो, आणि त्या काळात ही पाकिटं उघडलेली दिसली तर तुझ्या बाजूने बोलायला काही उरत नाही. सोसायटीच्या कपाटाला कुलूप नसेल तर किरकोळीतून आधी ते घे.

२९. हिशोब निकालाच्या आठवड्यातच बंद कर: डावीकडे अंदाज, उजवीकडे प्रत्यक्ष खर्च, प्रत्येक ओळीला व्हाउचरचा क्रमांक, आणि उरलेली रक्कम निवडणूक निधीतच परत — सामान्य खर्चात गेलेली शिल्लक पाच वर्षांनी कुणाला सापडत नाही, आणि तेव्हाची सचिव पुन्हा शून्यापासून सुरू करते. तोच कागद वार्षिक सभेपुढे ठेव. लेखापरीक्षकालाही तोच पुरतो.

३०. विजयाची मिठाई, हारतुरे, फटाके या हिशोबात एक रुपयाही येऊ देऊ नकोस — ते निवडून आलेल्यांनी आपल्या खिशातून करायचं. सोसायटीच्या पैशाचा पेढा हरलेल्याला कडूच लागणार.

आणि आता जे विचारायचं तू टाळलंस ते. या वेळी तू स्वतः उभी राहणार आहेस ना? मग खर्चाचा ठराव मंजूर झाला की अर्ज सुरू व्हायच्या आधी या सगळ्या फायली, नोटिशींची वही आणि छापखान्याशी बोलणं निर्णय अधिकाऱ्याच्या हाती सोपव आणि तशी पोच लिहून घे. व्हाउचरवर सही खजिनदाराची असू दे, आणि तोही उभा राहणार असेल तर उभ्या न राहणाऱ्या एका कमिटी सदस्याला तसा ठराव करून अधिकार द्या.

तुझा,
मामा